विंचू स्वतःहून चमकत नाही : यूव्ही टॉर्च घेऊन निघण्याआधी आणि नंतर या चुका टाळा

काळ्या पार्श्वभूमीवर हिरवट-निळा झळाळणारा विंचू फोटोत पाहिला की बहुतेकांचा समज होतो, हा प्राणी रात्री काजव्यासारखा उजळत असणार. पहिली आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. काजव्याच्या पोटात रासायनिक क्रिया घडते आणि तिच्यातून प्रकाश तयार होतो. विंचवाच्या अंगात असं काहीच घडत नाही. त्याच्या कवचाच्या वरच्या बाजूला एक पातळ, पारदर्शक थर असतो. त्या थरातली काही रसायनं डोळ्यांना न दिसणारे अतिनील, म्हणजेच यूव्ही, किरण शोषून घेतात आणि त्यातली थोडी ऊर्जा हिरवट-निळ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. टॉर्च बंद केला की चमक त्याच क्षणी जाते, मागे काही रेंगाळत नाही. पारख करायला एवढी एक गोष्ट पुरते.

चमकणारा भाग कवचाचा असल्यामुळे विंचू जिवंत असण्याची गरजही नसते. त्याने टाकलेली कात चमकते, मेलेला विंचू चमकतो, संग्रहालयातल्या बरणीत ठेवलेले जुने नमुनेही चमकतात. इतकंच काय, विंचू बरेच दिवस ठेवलेलं अल्कोहोलसुद्धा यूव्हीखाली उजळतं, कारण कवचातली रसायनं त्यात उतरलेली असतात. म्हणून दगडाखाली काही चमकलं की लगेच ‘जिवंत विंचू सापडला’ असं समजू नका. ती नुसती कात असू शकते. अर्थात, खात्री करायला बोट लावायचं नाही.

टॉर्चच्या चुका

‘टॉर्च आणला, पण काहीच दिसत नाही’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त यूव्ही टॉर्च ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात. विंचू त्याखालीही चमकतो, पण त्या टॉर्चमधून डोळ्यांना दिसणारा जांभळा प्रकाशही भरपूर बाहेर पडतो. सगळी जमीन जांभळी होते आणि विंचवाची चमक त्यात बुडून जाते. ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चमध्ये हा जांभळा प्रकाश बराच कमी असतो. त्याच्या तोंडावर दिसणारा प्रकाश अडवणारी काळी फिल्टर काच असेल तर आणखी चांगलं. अशा टॉर्चखाली परिसर काळा राहतो आणि विंचू लांबूनही उठून दिसतो. टॉर्च खरोखर यूव्हीचा आहे का, हे घरीच पाहता येतं. अंधाऱ्या खोलीत नोटेवर प्रकाश टाका. क्रमांक छापलेली शाई चमकली पाहिजे. नुसता जांभळा प्रकाश पडत असेल आणि काहीच उजळत नसेल, तर तो रंगीत बल्ब आहे.

एक धोकाही लक्षात ठेवा. ३६५ चा प्रकाश डोळ्यांना मंद वाटतो म्हणून लोक तो थेट बघतात, मुलांच्या हातात खेळायला देतात. तो मंद नसतो, आपल्याला तो दिसत नाही एवढंच. यूव्ही अडवणारा चष्मा लावा आणि कोणाच्याही तोंडावर झोत मारू नका.

चांदणी रात्र या कामाला वाईट. चंद्रप्रकाशात चमक फिकी पडते आणि अनेक जातींचे विंचू अशा रात्री बाहेरही कमीच पडतात. अमावस्येच्या आसपासची रात्र निवडावी. शिवाय चमकणारी प्रत्येक गोष्ट विंचू नसते. साबणाच्या पावडरीने धुतलेला पांढरा शर्ट, कागदाचे कपटे, प्लॅस्टिक, काही दगडफूल, काही पैसा किडे हे सगळे उजळतात. विंचू ओळखायचा तो आकारावरून आणि चमकेतल्या खंडांवरून. जवळून पाहिलं तर शेपटीच्या दोन पेरांमधल्या आणि पायांच्या सांध्यांमधल्या मऊ पडद्यावर चमक तुटलेली दिसते, कारण तो पारदर्शक थर कडक कवचावरच असतो.

‘चमकलं नाही, म्हणजे विंचू नाही’

ही चूक महागात पडू शकते. नुकती कात टाकलेला विंचू जवळजवळ चमकत नाही. त्याचं नवं कवच मऊ असतं, आणि ते कडक होत जातं तशी चमक येते. मादीच्या पाठीवर बसलेली पहिल्या टप्प्यातली पिल्लंही अशीच. टॉर्च मारला की हिरवीगार उजळलेली आई दिसते आणि तिच्या पाठीवर फिकट, न चमकणारा एक पुंजका दिसतो. पहिली कात टाकली की तीच पिल्लं उजळू लागतात. हे दृश्य एकदा पाहिलं की चमक कवचाच्या पक्वतेशी बांधलेली आहे हे समजावून सांगावं लागत नाही. याखेरीज भेगेत किंवा दगडाखाली बसलेल्या विंचवापर्यंत झोत पोहोचतच नाही. तेव्हा टॉर्च फिरवून ‘इथे काही नाही’ म्हणत भिंतीच्या फटीत हात घालू नका, बूट झटकल्याशिवाय पायात घालू नका.

चमकेवरून जात किंवा विष ओळखणंही सोडा. आपल्याकडचा अंगाने लहान लाल विंचू आणि मोठा काळा विंचू, दोन्ही यूव्हीखाली सारखेच हिरवट-निळे दिसतात. कॅमेरा तर स्वतःच्या मर्जीने रंग निळ्याकडे किंवा हिरव्याकडे झुकवतो, त्यामुळे फोटोतल्या छटेला काही अर्थ नाही. मोठ्या काळ्या विंचवापेक्षा लहान लाल विंचू कितीतरी धोकादायक आहे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला तो याच लाल विंचवाच्या दंशासाठी. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं असं काही दिसलं, विशेषतः लहान मुलात, तर एक मिनिटही न घालवता रुग्णालय गाठावं.

यूव्हीखाली विंचवाचं वागणं बघत बसणं

हौशी लोकांची ही आवडती चूक. विंचू सापडला की टॉर्च त्याच्यावर रोखून ते दहा मिनिटं बघत राहतात, आणि मग ‘विंचू अस्वस्थ असतो, सारखा पळतो’ असं लिहितात. पळायला लावणारा तो टॉर्चच असतो. विंचू प्रकाश टाळणारा प्राणी. यूव्ही त्याला जाणवतं आणि तो आडोसा शोधू लागतो. शिवाय खूप वेळ जोरदार यूव्ही पडत राहिलं तर त्याची चमकही उतरते. यूव्ही फक्त शोधण्यापुरतं वापरावं. सापडला की टॉर्च बंद करून मंद लाल दिवा लावावा. विंचवाचे डोळे हिरवट-निळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त संवेदनशील असतात, लालला फार कमी. लाल दिव्यात तो शांतपणे शिकार करताना, चिमटे उघडून वाट पाहताना दिसतो.

डोळ्यांची ही आवड नीट लक्षात ठेवा. विंचवाचं कवच ज्या रंगात चमकतं, जवळजवळ त्याच रंगाला त्याचे डोळे सर्वाधिक जागे असतात. चमकेचा उपयोग काय, या प्रश्नातलं सगळ्यात रंजक उत्तर इथून सुरू होतं.

‘शास्त्रज्ञांना कारण सापडलंय’ असं छातीठोक सांगणं

सापडलेलं नाही. विंचवाची चमक विसाव्या शतकाच्या मध्यापासून माहीत आहे. चमकणाऱ्या रसायनांपैकी बीटा-कार्बोलिन १९९९ मध्ये आणि एक कुमारिन वर्गातलं संयुग त्यानंतर लवकरच ओळखलं गेलं. पण ‘कशामुळे चमकतो’ आणि ‘कशासाठी चमकतो’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि लेखांमध्ये त्यांची सर्रास गल्लत होते.

भक्ष्याला आकर्षित करण्यासाठी चमक असते, हे उत्तर सगळीकडे फिरतं. कॅलिफोर्नियातले संशोधक कार्ल क्लूक यांनी ते तपासलं, तर उडणारे कीटक चमकणाऱ्या विंचवांकडे यायच्या ऐवजी त्यांना टाळताना दिसले. म्हणजे आमिषाची कल्पना इथे बसत नाही.

दुसरा प्रयोग ओक्लाहोमा विद्यापीठातल्या डग्लस गॅफिन आणि सहकाऱ्यांचा, २०१२ सालचा. त्यांनी वाळवंटी गवताळ भागातल्या एका जातीचे विंचू घेतले आणि काहींच्या डोळ्यांवर छोटे अपारदर्शक तुकडे लावून डोळे झाकले. मग त्यांना एकदा ५०५ नॅनोमीटरच्या हिरवट-निळ्या प्रकाशात ठेवलं, एकदा ३९५ च्या यूव्हीत, आणि हालचाल मोजली. हिरवट प्रकाशात डोळे झाकलेल्यांची हालचाल उघड्या डोळ्यांच्या विंचवांपेक्षा कमी झाली. म्हणजे तो प्रकाश ते मुख्यतः डोळ्यांनी टिपत होते. यूव्हीत मात्र डोळे झाकूनही फारसा फरक पडला नाही. यूव्ही त्यांना डोळ्यांशिवाय कळत होतं.

त्यावरून गॅफिन यांची कल्पना अशी आहे की सगळं अंगच प्रकाश गोळा करत असावं. अंगावर पडलेलं यूव्ही कवच हिरवट प्रकाशात बदलतं आणि विंचवाची प्रकाशसंवेदना तो टिपते. गवताच्या पात्याची सावली अंगाच्या एखाद्या भागावर पडली की तिथली चमक घटते, आणि आडोसा जवळ आहे हे विंचवाला समजतं. लहान प्राण्याला घुबडापासून वाचायला तेवढी खूण पुरेल. क्लूक आणि सहकाऱ्यांनीही २०१० मध्ये विंचवांना बराच काळ यूव्हीत ठेवून त्यांची चमक उतरवली होती. अशा विंचवांचं यूव्हीखालचं वागणं चमक शाबूत असलेल्यांसारखं राहिलं नाही. दोन्ही प्रयोग एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि मला ही दिशा पटते.

पण इथे थांबून ‘सिद्ध झालं’ म्हणायची चूक करू नका. डोळे झाकल्यावर यूव्ही कळतं हे दिसलं. ते चमकेमुळेच कळतं हे त्यातून आपोआप निघत नाही, कारण काही विंचवांच्या शेपटीला डोळ्यांशिवायही प्रकाश जाणवतो हे आधीपासून माहीत आहे. यूव्हीत ठेवून चमक उतरवताना विंचवाच्या अंगात दुसरंही काही बिघडत असू शकतं. शिवाय २०२० मध्ये जपानी संशोधकांनी विंचवाच्या कातेतून आणखी एक चमकणारं संयुग वेगळं केलं आणि ते बुरशी व परजीवींपासून संरक्षण देत असावं अशी शक्यता मांडली. तसं असेल तर चमक हा त्या संरक्षणाचा नुसता उपपरिणाम ठरेल. कवच कडक होताना सहज तयार होणाऱ्या रसायनांची ती खूण असू शकते, तिचा काहीच उपयोग नसेल, हीही शक्यता अजून कोणी मोडीत काढलेली नाही.

सगळ्यात दुर्लक्षित अडचण प्रकाशाच्या प्रमाणाची आहे. आपल्या टॉर्चखाली विंचू लखलखतो, कारण आपण हातभर अंतरावरून त्याच्यावर यूव्हीचा मारा करतो. चांदण्यात आणि ताऱ्यांच्या उजेडात यूव्ही इतकं थोडं असतं की आपल्या डोळ्यांना तिथे कसलीही चमक दिसत नाही. विंचवाचे डोळे अंधारात आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहेत हे खरं, पण नैसर्गिक रात्रीतली क्षीण चमक त्याला पुरते का, हे टॉर्चच्या झोतात केलेल्या निरीक्षणांवरून ठरणार नाही. त्यासाठी संधिप्रकाशाइतकंच मंद यूव्ही देऊन केलेले प्रयोग बघावे लागतात. विंचवाच्या चमकेवरचा कोणताही दावा वाचताना सर्वात आधी विचारायचं ते हेच, की प्रयोगात दिवा किती प्रखर होता.