शेअर आईचे, लाभांश मुलाच्या २६एएसमध्ये: या चुका टाळा

मिरजेच्या एका निवृत्त शिक्षिका काकूंचं विवरणपत्र मी भरतो. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी दोन कंपन्यांचे शेअर घेतले. डिमॅट खातं उघडताना मोबाइल, ईमेल सगळं मुलाचं दिलं आणि पहिलं नावही मुलाचंच लागलं, काकू दुसऱ्या. २०२४-२५ मध्ये एका कंपनीने मे महिन्यात १८,००० आणि दुसरीने ऑगस्टमध्ये ४२,००० रुपये लाभांश दिला. दोन्ही कंपन्यांनी १० टक्के टीडीएस कापला, एकूण ६,००० रुपये. हे सगळं कापलं गेलं मुलाच्या पॅनवर. मेचा लाभांश दिसला तोही मुलाच्या २६एएसमध्ये, म्हणजे कुणाच्या पॅनवर किती कर कापला हे दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या विवरणात. काकूंचा २६एएस उघडला तर लाभांशाची एकही ओळ नव्हती.

इथे बरेच जण पहिली चूक करतात: "नाव माझं आहे, तर मीच दाखवतो, कशाला भानगड" असं म्हणून मुलगा ते उत्पन्न स्वतःच्या विवरणपत्रात घेतो. मुलगा ३० टक्क्यांच्या गटात. उपकर धरून ६०,००० वर १८,७२० रुपये कर होतो, म्हणजे टीडीएस वजा जाता आणखी १२,७२० रुपये खिशातून. काकूंचं एकूण उत्पन्न करमाफीच्या मर्यादेत होतं. त्यांच्या हातात हेच उत्पन्न गेलं तर कर शून्य आणि कापलेले ६,००० परत.

पण कर कमी पडतो म्हणून उत्पन्न काकूंचं ठरत नाही, हे मी आधीच स्पष्ट सांगतो. शेअरवरचं पहिलं नाव हे कंपनीने पत्र कुणाला पाठवायचं आणि पैसे कुठल्या खात्यात टाकायचे यासाठी असतं. उत्पन्न कुणाचं, हे पैसे कुणी घातले यावरून ठरतं. काकूंच्या पासबुकात शेअर घेण्यासाठी गेलेली रक्कम होती, ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट होती, तारखा जुळत होत्या. हे कागद मिळाल्यावरच मी पुढे सरकलो. पैसे मुलाने घातले असते तर लाभांश मुलाचाच राहिला असता. दोघांनी निम्मे-निम्मे घातले असतील तर उत्पन्न आणि टीडीएसही त्याच प्रमाणात वाटता येतो.

दुसरी चूक काकूंनी स्वतः केली होती. ऑगस्टचा लाभांश आल्यावर त्यांनी कंपनीच्या रजिस्ट्रारला सुंदर अक्षरात पत्र लिहिलं, की पैसे माझे आहेत, टीडीएस माझ्या पॅनवर दाखवा. ते परत आलं. आयकर नियम ३७बीए(२) प्रमाणे हे घोषणापत्र ज्याच्या नावावर कर कापला गेला त्याने द्यायचं असतं. म्हणजे सही मुलाची हवी. त्यात काकूंचं नाव, पत्ता, पॅन, कुठल्या लाभांशाबद्दल आहे ते आणि कापलेल्या कराचं श्रेय त्यांना का द्यायचं याचं कारण लागतं. कारण लिहिताना "कौटुंबिक व्यवस्था" असं मोघम लिहू नका. आम्ही लिहिलं: "सदर शेअर दुसऱ्या धारकाने स्वतःच्या बचत खात्यातील रकमेतून खरेदी केले असून माझे नाव केवळ व्यवहाराच्या सोयीसाठी आहे." सोबत पासबुकाच्या त्या पानाची प्रत.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच अडकतात. कंपनी दर तिमाहीला फॉर्म २६क्यू भरते आणि त्यातूनच २६एएसमध्ये ओळ उमटते. ऑगस्टचा लाभांश जुलै-सप्टेंबर तिमाहीत येतो, त्याची मुदत ३१ ऑक्टोबर. मुलाने सही करून घोषणापत्र ऑक्टोबरच्या मध्याला पाठवलं, कंपनीने टीडीएस काकूंच्या पॅनवर दाखवला आणि फॉर्म १६एही त्यांच्या नावाने दिला. ४२,००० चं काम तिथेच झालं. मेच्या १८,००० ची मुदत मात्र ३१ जुलैलाच गेली होती. कंपनीला दुरुस्ती विवरण भरता येतं, आम्ही विनंतीही केली, पण उत्तर आलं नाही. लाभांशाची रेकॉर्ड डेट जाहीर झाली की कंपन्या टीडीएसबद्दल ईमेल पाठवतात. त्यात घोषणापत्राचा नमुना आणि शेवटची तारीख असते. तो ईमेल मुलाच्या इनबॉक्समध्ये न वाचता पडून होता.

मग त्या १८,००० चं काय? मुलाने एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात जाऊन त्या ओळीवर `Information relates to other PAN/Year` हा प्रतिसाद दिला आणि काम झालं असं समजला. ही चौथी चूक. त्या प्रतिसादाने एआयएसमधली माहिती सुधारते, २६एएसमधला टीडीएस एका पॅनवरून दुसऱ्यावर जात नाही. प्रतिसाद द्यायचाच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. शिवाय एकच लाभांश एआयएसमध्ये `TDS-194` आणि `SFT-015` अशा दोन नोंदींनी दिसतो. कंपनीने टीडीएस काकूंकडे वळवला तरी दुसरी नोंद पहिल्या धारकाकडे राहू शकते, म्हणून दोन्ही पाहा.

उरलेलं काम विवरणपत्रात. मुलाने आयटीआर-२ च्या टीडीएसच्या तक्त्यात तो १,८०० रुपये टीडीएस स्वतःच्या श्रेयात न घेता 'दुसऱ्या व्यक्तीच्या हाती' या रकान्यात टाकला, सोबत काकूंचा पॅन आणि १८,००० उत्पन्न. काकूंच्या विवरणपत्रात हाच टीडीएस 'दुसऱ्या व्यक्तीशी संबंधित' म्हणून, मुलाचा पॅन देऊन दाखवला आणि इतर उत्पन्नात पूर्ण ६०,००० लाभांश घेतला. मुलाचं आधी भरलं, मग काकूंचं. दोन्हीकडचे आकडे रुपयाला रुपया जुळले पाहिजेत. काकूंनी नुसता टीडीएस मागितला आणि मुलाने काहीच दाखवलं नाही, तर काकूंचं श्रेय नाकारलं जातं आणि कलम १४३(१) च्या सूचनेत परतावा कमी होतो.

इथे एक खाच आहे. काकू दरवर्षी आयटीआर-१ भरायच्या. दुसऱ्याच्या नावावर कर कापला गेलेलं उत्पन्न तुमच्याकडे करपात्र असेल तर आयटीआर-१ चालतच नाही, आयटीआर-२ लागतो.

गोव्यातल्या पती-पत्नींनी हा मार्ग डोळे झाकून घेऊ नये. पोर्तुगीज नागरी संहितेखालची सामायिक मालमत्ता लागू असेल तर कलम ५ए प्रमाणे लाभांश दोघांत निम्मा-निम्मा वाटायचा असतो, पैसे कुणी घातले हे न पाहता. त्यासाठी विवरणपत्रात वेगळा तक्ता आहे.

एप्रिल २०२६ पासूनच्या लाभांशाला नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत. म्हणून जुनं पत्र उतरवून न काढता त्या वर्षी कंपनीने पाठवलेलाच नमुना भरा.

दरवर्षी हा खटाटोप नको म्हणून शेवटी काकूंचं नाव पहिलं असलेलं नवं डिमॅट खातं उघडलं. चालू खात्यात नावांचा क्रम बदलता येत नाही, त्यामुळे शेअर जुन्या खात्यातून नव्यात हलवावे लागले. नव्या खात्याला जोडलेलं बँक खातं आणि ईमेल दोन्ही काकूंचे आहेत ना, हेही फॉर्मवर बोट ठेवून तपासलं.