वाचनात अडलेलं वाक्य

नाटकाच्या पुनर्लेखनानंतरच्या वाचनात मी स्वतः वाचत नाही. लिहिणाऱ्याला वाक्याची चाल पाठ असते, तो अडतच नाही. नटांनी कोरं वाचायचं, मी संहितेवर पेन्सिलने खुणा करायच्या. एकजण एकदा अडखळला तर सोडून देतो. पण परवा एका वाक्याला दोघंही नट त्याच जागी थांबून मागे आले: ‘काल ज्या माणसाला मी दिलेलं पाकीट तू परत केलंस, तो कोण?’ ‘माणसाला मी दिलेलं’ एका दमात वाचलं जायचं आणि पाकीट त्या माणसालाच दिल्यासारखं वाटायचं. वाक्य फोडलं: ‘मी तुला पाकीट दिलं होतं. ते काल कुणाला परत केलंस?’ लगेच पुन्हा वाचून घेतलं. अडखळ गेली, शिवाय मधल्या थांब्यात समोरच्या पात्राला दचकायला जागा मिळाली.