पोळीवरून अपूर्णांक शिकवताना या चुका टाळा

पाचवीतली ताई तिसरीतल्या भावाला अपूर्णांक शिकवते आहे. पोळ्या तीन, खाणारी माणसं चार. ती प्रत्येक पोळीचे चार चतकोर करते आणि प्रत्येकाला तीन चतकोर वाढते. "तुला किती मिळाली?" भाऊ सगळे तुकडे मोजतो आणि वहीत ३/१२ लिहितो.

इथे "चूक, ३/४ लिही" म्हणणं ही पहिली चूक. बारा तुकड्यांपैकी तीन त्याला मिळाले, हे खरंच आहे. त्याने तिन्ही पोळ्या मिळून एक पूर्ण धरलं, ताईच्या मनात मात्र एकच पोळी होती आणि तिने ते सांगितलं नव्हतं. म्हणून तिने तेवढ्याच आकाराची चौथी, अख्खी पोळी ताटात ठेवावी आणि त्याचे तीन चतकोर टोकाला टोक जुळवून तिच्यावर मांडायला लावावेत.

"आता या एका पोळीचा किती भाग झाकला?"

"एक चतकोर उघडा आहे. म्हणजे पाऊण पोळी!"

मग वहीत दोन्ही लिहावं: एका पोळीचा ३/४, तिन्ही पोळ्यांचा ३/१२. नुसता अपूर्णांक लिहू देऊ नये. 'कशाचा' हा शब्द सोबत हवाच. यासाठी पोळ्या एकाच मापाच्या लागतात. लहान-मोठ्या असतील तर डब्याचं झाकण दाबून सारख्या कापून घ्याव्यात, नाहीतर मोठ्या पोळीचा चतकोर आणि लहान पोळीचा चतकोर एकमेकांवर बसत नाहीत आणि मूल गोंधळतं.

तीन भाग करताना बहुतेक जण फसतात. रुंदीचे तीन सारखे भाग करून दोन उभे काप दिले की मधली पट्टी मोठी होते: साधारण ४२ टक्के पोळी तिच्यात जाते, कडेच्या दोन्हींत २९-२९ टक्केच. मूल मधला तुकडा मागतं, आणि त्याचं बरोबर असतं. त्याऐवजी मध्यावर बोट ठेवून घड्याळातल्या १२, ४ आणि ८ च्या दिशेने तीन काप द्यावेत. तुकडे एकमेकांवर ठेवून तपासावेत. अर्धे आणि चतकोर करायला मऊ पोळी दुमडली तरी पुरे. भाकरी मात्र दुमडताना मोडते, ती सुरीनेच कापावी.

पुढची अडचण बेरजेची. अर्धी पोळी आणि चतकोर मिळून किती, असं विचारलं की मूल १/२ + १/४ = २/६ लिहितं, वरचे वर आणि खालचे खाली मिळवून. नियम सांगण्याआधी ताईने २/६ करूनच दाखवावं: दुसऱ्या पोळीचे सहा सारखे भाग, त्यातले दोन. ते अर्ध्या पोळीवर ठेवले की कमी पडतात. मिळवल्यावर आधीपेक्षा कमी कसं झालं, हे भाऊ स्वतःच विचारतो. मग अर्धीचे दोन चतकोर करायचे आणि तिसरा शेजारी ठेवायचा. उत्तर लिहून होईपर्यंत तुकडे खायला देऊ नयेत.