फोरक्लोजर लेटर आलं की लगेच पैसे भरू नका: या चुका टाळा

कर्ज मुदतीआधी फेडायला निघालेले लोक फोरक्लोजर लेटरमध्ये, म्हणजे कर्ज बंद करायला किती भरायचं ते सांगणाऱ्या पत्रात, फक्त शेवटची ओळ वाचतात. एकूण रक्कम, खाते क्रमांक, पैसे पाठवले, झालं. वरच्या चार ओळी पडताळायला पंधरा मिनिटं पुरतात, तरी तेवढा धीर बहुतेकांना नसतो. त्या ओळी न वाचल्याचा फटका मला स्वतःला बसला आहे.

हप्त्याच्या तोंडावर लेटर मागवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. माझं 12 टक्के स्थिर व्याजाचं वैयक्तिक कर्ज होतं. हप्ता 13,000 रुपयांचा, दर महिन्याच्या 5 तारखेला आपोआप कापला जायचा. मी 3 जुलैला लेटर मागवलं. त्याची मुदत 8 जुलैपर्यंत होती. त्यात शिल्लक मुद्दल 4,00,000, 5 जूनपासून 8 जुलैपर्यंतच्या 33 दिवसांचं व्याज 4,340, मुद्दलावर 4 टक्के फोरक्लोजर शुल्क 16,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 2,880 असे आकडे होते. एकूण 4,23,220. बेरीज बरोबर होती, म्हणून मी निर्धास्त झालो.

5 तारखेला हप्ता कापला गेला आणि 8 तारखेला मी लेटरमधली पूर्ण रक्कम भरली.

हप्त्यातले 4,000 व्याजाचे आणि 9,000 मुद्दलाचे होते. म्हणजे 5 तारखेनंतर मुद्दल 3,91,000 उरलं होतं. त्यावर तीन दिवसांचं व्याज 386, शुल्क 15,640 आणि जीएसटी 2,815 धरला तर देणं 4,09,841 होतं. मी 13,379 रुपये जास्त भरले होते. जो हप्ता मी आधीच दिला होता, तो लेटरला ठाऊकच नव्हता. हप्त्याचे 13,000 परत मिळवायला लेखी पाठपुरावा करावा लागला. वरच्या 379 रुपयांसाठी वेगळी तक्रार करावी लागली, कारण शुल्क जुन्या मुद्दलावर लावलं होतं हे कर्ज देणाऱ्यांना आकडे मांडून दाखवल्याशिवाय पटेना.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. हप्ता जमा होऊ द्यायचा, दोन-तीन दिवस थांबायचं, कर्जखात्याचं स्टेटमेंट काढायचं आणि मगच लेटर मागायचं. लेटरमधलं मुद्दल स्टेटमेंटच्या शेवटच्या ओळीशी रुपयापर्यंत जुळलं पाहिजे. परतफेडीच्या जुन्या तक्त्याशी ताडून बघू नका. मधे व्याजदर बदलला असेल किंवा थोडी रक्कम आधी भरली असेल, तर तो तक्ता निरुपयोगी असतो.

व्याजाचे दिवस न मोजणं

मुद्दल गुणिले वार्षिक दर, भागिले 365, गुणिले दिवस. एवढंच गणित आहे, ते हाताने करा. 3,91,000 वर 12 टक्क्यांनी रोज साधारण 129 रुपये होतात. लेटरमध्ये तीन-चार दिवसांऐवजी पूर्ण महिन्याचं, म्हणजे 3,910 च्या आसपास व्याज दिसलं, तर कारण विचारा. पैसे मुदतीच्या शेवटच्या दिवशी पाठवू नका. रक्कम उशिरा जमा झाली तर तेवढ्या दिवसांचं व्याज कमी पडतं आणि त्या किरकोळ बाकीपायी खातं बंद होत नाही.

शुल्क निमूटपणे मान्य करणं

आधी कर्ज स्थिर दराचं आहे की बदलत्या दराचं, ते पाहा. व्यवसायासाठी नसलेल्या आणि एखाद्या व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर हे शुल्क लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. कर्ज स्थिर दराचं असेल तर करारातला टक्का कशावर लागतो ते वाचा. करारात शिल्लक मुद्दल लिहिलेलं असताना लेटरमध्ये मंजूर रकमेवर आकारणी दिसली, तर भरण्याआधीच हरकत घ्या.

‘इतर शुल्क’ ही ओळ सोडून देणं

या ओळीत जुना चेक बाउन्सचा आकार, दंड, स्टेटमेंटचे पैसे असं काहीही दडलेलं असतं. प्रत्येक रकमेची तारीख आणि कारण ईमेलवर मागा. फोनवर सांगितलेला आकडा मी धरतच नाही, कारण नंतर तो कोणीच मान्य करत नाही. ज्या शुल्काचा करारात किंवा केएफएसमध्ये, म्हणजे कर्जाच्या अटी आणि शुल्कांच्या सारांशपत्रात, उल्लेख नाही, ते का द्यायचं हे त्यांनी लिहून सांगावं. कर्जासोबत विमा घेतला असेल तर उरलेल्या मुदतीचा हप्ता परत मिळतो का, तेही याच ईमेलमध्ये विचारून घ्या.

मँडेट चालू ठेवणं

खातं बंद झाल्याचं लेखी हातात आलं की ऑटो-डेबिटचं मँडेट रद्द करा. त्याआधी करू नका, नाहीतर मधला हप्ता परत जातो आणि बाउन्सचा आकार नव्याने लागतो. एनओसीवर कर्जखात्याचा क्रमांक आणि ‘बाकी शून्य’ हे दोन्ही आहे ना, ते पाहा. महिना-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून तिथेही खातं बंद दिसतंय का, ते तपासा.