"समजलं ना?" विचारून पेशंट घरी सोडताय? इन्सुलिनवाल्या पेशंटच्या डिस्चार्जला या चुका टाळा

मागच्या वेचणीच्या सीझनची गोष्ट. यवतमाळकडच्या एका तालुक्याच्या दवाखान्यात मी स्टाफ नर्स आहे. पायाच्या जखमेने भरती झालेल्या एक मावशी होत्या, वय पंचावन्नच्या आसपास, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. आल्या तेव्हा शुगर चारशेच्या वर होती, मग इन्सुलिन सुरू झालं, तीस-सत्तरवालं, सकाळी १६ युनिट आणि संध्याकाळी १०. जखम सुधारली आणि दहाव्या दिवशी डिस्चार्ज. मी त्यांना सुई कशी घ्यायची, काय खायचं, काय नाही, पायाची काळजी, पुढची तारीख असं सगळं दहा मिनिटांत सांगितलं आणि शेवटी विचारलं, "समजलं ना मावशी?" त्या म्हणाल्या, "हो सिस्टर, समजलं." कागदावर अंगठा घेतला, झालं.

सहाव्या दिवशी शेजाऱ्याच्या गाडीवर परत आल्या, अर्धवट शुद्धीत, घामाने लुगडं चिंब, मशीनवर शुगर ३८. सलाईनमधून ग्लुकोज दिल्यावर उठून बसल्या. मग मी पहिल्यांदा नीट बसून विचारलं की नेमकं काय झालं, आणि जे ऐकलं त्यात त्यांची चूक अशी काही सापडेना.

मी सांगितलं होतं, "सुई जेवणाआधी, उपाशीपोटी घ्यायची." त्यांनी तेच केलं. सकाळी सहाला सुई घेतली, शिदोरी बांधली, वेचणीला गेल्या आणि शिदोरी सोडली अकराला. शेतात हात कापायला लागले, घाम फुटला, तर वाटलं ऊन लागलं असेल. साखर का नाही खाल्ली विचारलं तर म्हणाल्या, "साखर तं तुमीच बंद केली ना." आणि मी जे "शुगर कमी होऊ शकते, लक्ष ठेवा" म्हटलं होतं त्याचं काय, तर, "शुगर कमी झाली म्हणजे बरंच झालं ना बाई, डाक्टर सायेब तं रोज कमी करा, कमी करा म्हणते."

यावर काय बोलणार. दहा दिवस आम्ही सगळे "शुगर कमी करायची" हेच घोकत होतो, आणि अकराव्या दिवसापासून तोच शब्द धोक्याचा अर्थ घेईल अशी आमची अपेक्षा.

"समजलं ना?" याचं उत्तर "हो" सोडून दुसरं येतच नाही

आपल्याकडे सिस्टर किंवा डॉक्टर उभ्याउभ्या काही सांगतात तेव्हा "नाही समजलं" म्हणणं लोकांना उद्धटपणा वाटतो, शिवाय तीनची एसटी चुकेल ही धास्ती वेगळीच. म्हणून टीच-बॅक, म्हणजे आपण सांगितलेलं पेशंटकडून त्याच्या शब्दांत परत ऐकायचं किंवा करून बघायचं आणि चुकलं तर आपण वेगळ्या रीतीने सांगायचं. २००३ साली सॅन फ्रान्सिस्कोकडे डायबेटिसच्या कमी शिकलेल्या पेशंटवर एक अभ्यास झाला होता, त्यात डॉक्टरांनी नवीन सांगितलेल्या गोष्टींपैकी जेमतेम १२ टक्के गोष्टींबद्दल पेशंटला कितपत कळलं हे तपासलं होतं. म्हणजे हा रोग फक्त आपल्या वॉर्डाचा नाही.

पण टीच-बॅकसुद्धा आपण चुकीचंच करतो, मीही करायचे. "बरं, आता सांगा बरं मी काय सांगितलं?" असं गुरुजींसारखं विचारलं की मावशी खाली मान घालतात आणि सून पटकन उत्तर देते. नाहीतर पेशंट पोपटासारखं म्हणतो, "सुई जेवणाआधी घ्यायची", शब्द अगदी बरोबर, आणि डोक्यात मात्र शिदोरी अकराला. शब्द परत आले म्हणजे अर्थ पोचला असं धरू नका.

दुसऱ्या वेळी मी असं विचारलं: "मावशी, मी घाईत सांगते, माझंच सांगणं कधी कधी उलटसुलट होते, म्हणून मला बघू द्या मी नीट सांगितलं की नाही. समजा उद्या वेचणी आहे, पहाटेचे सहा वाजले, उठल्यापासून शेतात जाईपर्यंत काय काय कराल?" म्हणजे त्यांचाच दिवस त्यांच्यापुढे ठेवला. उत्तर आलं, "सुई घेईन, मंग डबा बांधीन, जाईन." ऐकलंत? हे "समजलं ना?" मधून जन्मात बाहेर आलं नसतं.

चुकलं की तेच वाक्य मोठ्याने म्हणणे

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि करताना आपल्याला कळतही नाही. पेशंट चुकला की आपण तेच वाक्य पुन्हा, जरा चढ्या आवाजात, "अहो जेवणाआधी, अर्धा तास आधी!" मावशींच्या घरात घड्याळ होतं पण ते बंद, आणि चालू असतं तरी अर्धा तास त्यांनी कशाने मोजायचा? म्हणून मी त्यांना स्वयंपाक कसा करता ते विचारलं आणि त्यातूनच खूण काढली: घरात खायला आहे ते आधी बघायचं, सुई घ्यायची, मग पीठ मळायचं, भाकरी झाल्या की बसून खायच्या आणि मगच घराबाहेर पाय. त्यांच्या चुलीवर याला साधारण अर्धा तासच लागतो, आणि तीस-सत्तरवाल्या इन्सुलिनला तेवढंच अंतर हवं असतं. शिदोरी वेगळी, ती दुपारची.

आणि ज्या दिवशी जेवणच होणार नाही त्या दिवशी? हे विचारलं तर लगेच दुसरी गोष्ट निघाली. मावशी चतुर्थी कडक करतात, चंद्र दिसेपर्यंत पाणीसुद्धा नाही, आणि त्यांच्या हिशोबाने "औषध तं घ्याच लागते." म्हणजे पुढची चतुर्थी म्हणजे पुढची ॲडमिशन होती. उपासाच्या दिवशी डोस किती घ्यायचा की घ्यायचाच नाही हे आपण नर्सने ठरवायचं नाही, मी डॉक्टरांना बोलावून बेडपाशीच ठरवून घेतलं, पण प्रश्न मात्र आपणच काढावा लागतो, पेशंट आपणहून सांगत नाही.

आपला शब्द त्यांच्यावर लादणे

"शुगर कमी" हा शब्द मी त्या दिवसापासून या कामापुरता सोडला. मावशींना विचारलं की शेतात नेमकं कसं वाटलं, त्या म्हणाल्या, "जीव घाबरा झाला, हातपाय कापाले लागले." मग आमच्या दोघींचा शब्द ठरला, जीव घाबरा. जीव घाबरा झाला, घाम फुटला, हात कापले की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, चहाचे चमचे, ते साधारण १५ ग्रॅम होतात. पंधरा मिनिटं बसायचं, नाही बरं वाटलं तर परत तीन चमचे, बरं वाटलं की भाकर खायची. शुद्ध गेली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन, आणि हे वाक्य पेशंटपेक्षा घरच्यांना आणि सोबत वेचणाऱ्या बायांना माहीत पाहिजे.

मग परत विचारलं, "शेतात आहात, जीव घाबरा झाला, काय कराल?" तर "घरी येईन अन् साखर खाईन." घर दीड किलोमीटर! तेव्हा साखरेची पुडी चंचीत ठेवायची हे ठरलं, वॉर्डातच कागदात बांधून दिली. तरी त्यांच्या चेहऱ्यावर शंका होती म्हणून मीच म्हटलं की चहात साखर बंद ती बंदच, ही पुडी औषधाची. तेव्हा कुठे चेहरा सैल झाला.

सगळं तोंडी, आणि तेही शेवटच्या दिवशी

सुई भरणं सांगून येत नाही, करून येतं. दुसऱ्या भरतीत रोज सकाळ-संध्याकाळ मावशींच्याच हातून सिरिंज भरून घेतली. बाटली हातात लोळवून दुधासारखी सारखी करणं त्यांना लगेच जमलं, पण रेघा वाचताना १६ ऐवजी १४ वरच थांबायच्या, कारण काळ्या रबराची कुठली कड धरायची हे मी कधी दाखवलंच नव्हतं. सुईकडची कड. तिसऱ्या दिवशी न बोलता बरोबर भरली, मग सकाळच्या आणि संध्याकाळच्या सिरिंजवर वेगवेगळ्या रंगाची खूण केली.

सिरिंज त्यांच्या घरचीच मागवून बघा. आमच्याकडच्या बाटलीत एका मिलीत ४० युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. एका आजोबांच्या मुलाने मेडिकलमधून केशरी टोपणाची, म्हणजे १०० वाली आणली, आजोबा इमानदारीने १६ च्या रेघेपर्यंत भरायचे आणि पोटात जायचे साडेसहा युनिटच्याही आत. शुगर उतरेना म्हणून डॉक्टर डोस वाढवायच्या बेतात होते. उलटं झालं, १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, तर डोस अडीचपट, त्याचं काय होतं ते सांगायला नको.

चित्रांच्या कागदावरही फार भरवसा ठेवू नका. मी सूर्य आणि चांदोबा काढून दिला होता, एका काकूंनी चांदोबा दिसला तरच संध्याकाळची सुई असा अर्थ घेतला. चित्राचंही टीच-बॅक करा.

वाचता येतं का, असं विचारणे

चारचौघांत हे विचारलं की "चष्मा घरी राहिला" हेच उत्तर मिळणार, आणि सही करता येते म्हणजे वाचता येतं असंही नाही. त्यापेक्षा "घरी दवाखान्याचा कागद कोण पाहते?" विचारा. मावशींकडे आठवीतली नात पाहते. मी मात्र पहिल्या वेळी सगळं मुलाला समजावलं होतं, आणि तो कामाला पुण्यात असतो!

फाईलवर टिक मारून मोकळं होणे

"टीच-बॅक दिले" एवढं लिहून पुढच्या सिस्टरला काही कळत नाही. पहिल्यांदा काय चुकलं ते लिहा, उदाहरणार्थ "सुई घेऊन न खाता बाहेर जाते असे सांगितले, परत समजावले, दुसऱ्यांदा बरोबर." एका बैठकीत दोन-तीन गोष्टींच्या वर जाऊ नका. मावशींसाठी मी सुई-मग-भाकर, जीव घाबरा आणि सिरिंजची रेघ एवढंच धरलं, पायाची काळजी दुसऱ्या दिवशी.

आणि आज बरोबर सांगितलं म्हणजे आठ दिवसांनी आठवेलच असं नाही. घरात पीठच नसेल तर टीच-बॅक काही करू शकत नाही, तिथे आशाताईंना कळवावं लागतं, आम्ही कळवलं. तिसऱ्या दिवशी फोन केला. "बऱ्या आहात ना?" याचं उत्तरही "हो" च येतं, म्हणून विचारलं, "आज सुई केव्हा घेतली आणि त्यानंतर काय केलं?" मावशी म्हणाल्या, "सुई घेतली, पीठ मळलं, दोन भाकरी खाल्ल्या, आता निघाली वावरात." आणि साखरेची पुडी? "ते तं नातवानं खाल्ली बाई. दुसरी बांधली."