पंचगंगेवर पेपर लिहिताय? या चुका टाळा

दरवर्षी परीक्षा जवळ आली की एम.ए.ची पोरं पेपर घेऊन येतात. विषय कोल्हापूरची पंचगंगा नदी, तीर्थक्षेत्र, भूगोल असलाच काहीतरी, आणि चुकापण त्याच त्याच. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक म्हणजे नदीवर एकदाच जायचं, तेपण कोरड्या दिवसांत, सुट्टी बघून. एका पोरानं नरसोबावाडीवर, म्हणजे पंचगंगा कृष्णेला मिळते तिथल्या दत्ताच्या देवळावर, पेपर केलावता. जानेवारीतल्या एका रविवारी गेला, घाटाच्या पायऱ्यांचे फोटो काढले, दर्शन घेतलं, पेढे, कवठाची बर्फी घेऊन परत. पेपरात काय लिहिलं तर नदी खाली आहे, देऊळ काठावर आहे, भक्त नदीत पाय धुऊन देवळात जातो, म्हणजे नदी ही 'शुद्धीची सीमारेषा'. वाचायला भारी वाटतं, आणि त्याच्या गाईडनंपण हो म्हटलंवतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी एकच विचारलं, पावसाळ्यात ही सीमारेषा कुठं असते? गडी गप्प.

कारण वाडीला पावसाळ्यात नदीच देवळात येते. कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं की ते उत्तरेच्या दारानं आत शिरतं, दत्ताच्या पादुकांवरनं वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या दक्षिणदारात स्नान करायला लोक पहाटेसुद्धा धावत येतात, हाच दक्षिणद्वार सोहळा. पाणी चढताना झाला तर चढता, ओसरताना झाला तर उतरता, आणि एकाच पावसाळ्यात तो कितीकदापण होऊ शकतो. पाणी आणखी वाढलं की दक्षिणद्वारचं स्नान होत नाही, उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजा तिथं चालू राहते. म्हणजे देव कुठं आहे हे पाण्याच्या पातळीवर ठरतंय राव, आणि तुम्ही जानेवारीच्या फोटोवर सिद्धांत मांडताय.

माझी सवय अशी, पोरांना आधी वर्तमानपत्रातल्या पावसाळ्यातल्या बातम्या काढायला लावतो. एका रकान्यात दक्षिणद्वारची तारीख, शेजारी त्याच दिवशीची कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी, आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडे होते का बंद. राजाराम बंधाऱ्याला 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी, हे इथं शेंबड्या पोरालापण माहीत असतं. पण ही पातळी कोल्हापूरची, वाडी कितीतरी खाली, आणि तिथं कृष्णेचं पाणीपण येऊन मिळतं, त्यामुळं अमुक फुटाला दक्षिणद्वार असलं गणित बांधू नका. रकाने शेजारी ठेवले की एवढं दिसतं की ज्या पाण्याला वाडीत लोक पर्वणी म्हणतात तेच वाढत गेलं की कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं सोडवून बाहेर पडायला लागतात. 2019 ला आणि 2021 ला ते सगळ्यांनी बघितलंय. पेपर तिथं आहे, 'नदी आमची माता' ह्या वाक्यात नाही.

दुसरी चूक सरस्वतीची. पंचगंगेच्या पाच नद्या म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. ह्यावर दोन प्रकारची पोरं भेटतात. एक म्हणतो सरस्वती नाहीच, लोकांची अंधश्रद्धा. दुसरा भूगर्भातला प्रवाह शोधायला सॅटेलाइट इमेज डाउनलोड करतो. दोघांचापण वेळ वाया. प्रयाग चिखलीच्या संगमावर उभं राहून बघा, डोळ्याला दोनच प्रवाह दिसतात, भोगावती आणि कासारी, बाकीच्या आधीच वर मिसळून आल्यात. म्हणजे पाच हा आकडा तिथं दिसतच नाही, तो सांगितला जातो. मग विचारायचा प्रश्न असा की न दिसणारी नदी धरून पाच करायची गरज कुणाला पडली? तिकडं उत्तर हिंदुस्थानातल्या प्रयागला गंगा, यमुना आणि गुप्त सरस्वती. आपल्या संगमाचं नाव प्रयाग, माघात स्नानाला गर्दी तिथंपण आणि इथंपण, आणि कोल्हापूरला म्हणतात दक्षिण काशी. लांबचं तीर्थ आपल्या दारात आणायचं काम ती गुप्त नदी करती. ती खरी का खोटी हे ठरवायला तुम्हाला कुणी बसवलेलं नाही.

बाकीच्या किरकोळ. जुन्या महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्रीचं, त्याचा आपल्या नदीशी संबंध जोडू नका, तरी दरवर्षी एकजण जोडतोच. कन्यागत म्हणजे गुरू कन्या राशीत, कृष्णाकाठी, मागचं 2016 ला. नाशिकचा सिंहस्थ वेगळा, गोदावरीचा. दोन्हींना मिळून 'कुंभमेळा' लिहिलं की मी पुढं वाचत नाही.

आणि एका दिवसात आठ-दहा मुलाखती उरकणाऱ्यांनो, नुसत्या पुजाऱ्यांना विचारून येऊ नका. नावाडी, घाटावरचे दुकानदार, पुरात घर सोडावं लागलेली बाई, ह्यांची नदी वेगळी असती. फोटोखाली तारीख आणि त्या दिवशीची पातळी टाका, नाहीतर तो फोटो पेपरात घालू नका.