लांब वायरवरचा सेन्सर मधूनच गायब होत असेल तर

आंब्याच्या अढीत ईएसपी३२ ला ३ मीटर वायरवर बीएमई२८० सेन्सर जोडला, की आयटूसी स्कॅनरवर त्याचा पत्ता `0x76` कधी दिसतो, कधी नाही. कोकणातल्या दमट हवेला दोष देण्याआधी मल्टीमीटर घ्या.

१. वीज बंद करून एसडीए आणि ३.३ व्होल्टमधला रोध मोजा, मग एससीएलचाही.
२. १० किलोओहमच्या आसपास आला, तर पुल-अप कमजोर आहे. लांब वायरमुळे सिग्नल वर चढायला वेळ लागतो. दोन्ही लाइनींवर ३.३ किलोओहमचा रेझिस्टर ३.३ व्होल्टकडे जोडा. आधीच्या १० किलोओहमशी मिळून प्रत्येक लाइनीवर अडीच किलोओहम होतात.
३. तरीही अडलं तर वेग उतरवा:

```
Wire.setClock(50000);
```

दोन सेन्सर असतील तर एकाचा एसडीओ ३.३ व्होल्टला जोडा, तो `0x77` वर जातो.

एकूण रोध १ किलोओहमखाली नेऊ नका. नाहीतर सेन्सरला लाइन खाली ओढता येत नाही.